रेझ्युमेसोबतचा मेल: सब्जेक्टमध्ये काय, आत काय

प्रश्न: मी बी.कॉम. आहे. सांगलीत एका सीएंच्या ऑफिसात तीन वर्षं जीएसटी, टीडीएस, टॅली बघतोय. आता पुण्यात कंपनीत अकाउंट्सची नोकरी हवी आहे. जाहिरात दिसली की एचआरला रेझ्युमे मेल करतो, सब्जेक्टमध्ये Resume लिहितो. पंधरा-वीस मेल गेले, एकाचंही उत्तर नाही. एक मित्र म्हणतो मेल रिकामा ठेव, रेझ्युमे बोलतो. दुसरा म्हणतो पानभर कव्हर लेटर लिही. नक्की काय लिहायचं आणि किती?

उत्तर:

मी चौदा वर्षं भरतीचं काम करते. आधी कन्सल्टन्सीत होते, आता पुण्यातल्या एका उत्पादन कंपनीत आहे. तुमच्यासारखे मेल रोज माझ्याकडे येतात, त्यामुळे ते माझ्या बाजूने कसे दिसतात तिथूनच सुरुवात करते.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसले की मी फोनवर मेल चाळते. एका मेलची एक ओळ दिसते: पाठवणाऱ्याचं नाव, सब्जेक्ट आणि मेलच्या मजकुराचे पहिले सात-आठ शब्द. तुमची ओळ मला अशी दिसते: तुमचं नाव, मग Resume, आणि मेल रिकामा असेल तर पुढे कोरं. त्या वेळी माझ्याकडे अकाउंट्स, स्टोअर आणि क्वालिटी अशा तीन जागा उघड्या असतात. तुमचा मेल त्यातल्या कुठल्या जागेसाठी, हे कळायला मला फाइल उघडावी लागते. बसमध्ये मी ती उघडत नाही, ‘ऑफिसात गेल्यावर बघू’ म्हणते. ऑफिसात पोचेपर्यंत तीस नवे मेल आलेले असतात.

हे झालं पहिल्यांदा दिसण्याबद्दल. मेल खरा हरवतो तो नंतर. दोन वर्षांपूर्वी आमच्या अकाउंट्स मॅनेजरनी आठ दिवसांनी विचारलं, “तो मिरजेचा का सांगलीचा मुलगा होता ना, वर्कशॉपचं काम केलेला, त्याला बोलवा.” मी सर्चमध्ये sangli टाकलं, tally टाकलं, भलतेच पंचवीस मेल आले. त्याच्या मेलच्या सब्जेक्टमध्ये CV एवढंच होतं आणि आत एक अक्षर नव्हतं. तो सापडला तेव्हा जागा भरली होती. चूक माझीही होती, मी तो मेल तेव्हाच बाजूला काढून ठेवायला हवा होता. पण तेव्हापासून सब्जेक्टकडे मी फाइलीच्या पाठीवरच्या चिठ्ठीसारखी बघते. कपाटात शंभर फाइली उभ्या असताना हात नेमका तिच्यावर पडला पाहिजे, एवढंच त्या चिठ्ठीचं काम.

म्हणून सब्जेक्ट लिहिताना मी नंतर सर्चमध्ये काय टाइप करेन याचा विचार करा. मी जागेचं नाव टाइप करते, गाव टाइप करते, एखादं कौशल्य टाइप करते. समजा जाहिरात अशी आहे: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, भोसरी एमआयडीसी, २ ते ४ वर्षं अनुभव, टॅली, जीएसटी, टीडीएस, लवकर रुजू होणाऱ्यांना प्राधान्य. तर तुमचा सब्जेक्ट असा:

```
Accounts Executive, Bhosari - 3 yrs GST/TDS/Tally - joins in 30 days
```

यातला क्रम मुद्दाम आहे. फोनवर सब्जेक्टची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, फोन लहान असेल तर त्याहून कमी. वरच्या ओळीतली पहिली पस्तीस अक्षरं मोजा, “3 yrs” पर्यंत येतात. म्हणजे ओळ तुटली तरी कुठली जागा, कुठे आणि किती अनुभव एवढं माझ्यापर्यंत पोचतं. नोटीस पिरियड शेवटी आहे. कापला गेला तर फार बिघडत नाही, दिसला तर फायदा. “Application for the post of” ने सुरुवात केलीत तर पहिली सत्तावीस अक्षरं जागेचं नाव यायच्या आधीच संपतात.

जागेचं नाव जाहिरातीत जसं छापलंय तसंच घ्या. तुमच्या ऑफिसात तुम्हाला ‘अकाउंटंट’ म्हणत असतील, पण जाहिरातीत Accounts Executive असेल तर तेच शब्द वापरा, कारण मी तेच शोधणार. सब्जेक्ट मराठीत लिहिला तर चालेल का, असंही मला मुलं विचारतात. मला वाचायला काहीच अडचण नाही, पण सर्च मी रोमन अक्षरांत करते आणि मग देवनागरीतला सब्जेक्ट माझ्या हाती लागत नाही. म्हणून तो इंग्रजीत ठेवा.

यावर मात करणारा एकच नियम आहे. जाहिरातीत सब्जेक्ट दिलेला असेल, समजा “mention AE-BHO in subject line”, तर तो कोड जसाच्या तसा आधी टाका. आम्ही बऱ्याचदा त्या शब्दावर फिल्टर लावलेला असतो. ज्या सब्जेक्टमध्ये तो शब्द आहे ते मेल आपोआप त्या जागेच्या फोल्डरमध्ये जातात, बाकीचे सगळ्या ढिगात राहतात. ‘AE BHO’ किंवा ‘Bhosari accounts’ असं आपल्या मनाने केलंत तर फिल्टरला ते कळेलच असं नाही. कोडनंतर मात्र आपलं लिहायला मोकळीक आहे:

```
AE-BHO - Accounts Executive - 3 yrs GST/TDS/Tally - 30 days
```

आणि हो, जुन्या मेलवरून फॉरवर्ड करून पाठवू नका. सब्जेक्टच्या पुढे Fwd: येतं आणि खाली आधीच्या कंपनीला लिहिलेला मेल तसाच चिकटलेला असतो. असे मेल दर आठवड्याला येतात, आणि खाली कुणाकुणाला पाठवलंय ते मी वाचते. न वाचण्याइतकी मी साधू नाही.

आता आतला मजकूर. तुमच्या दोन्ही मित्रांचं मला पटत नाही. रिकामा मेल आला की रेझ्युमे उघडेपर्यंत मला काहीच कळत नाही, आणि पानभर पत्र मी वाचत नाही. मधला रस्ता चार-पाच वाक्यांचा आहे. फोनच्या एका स्क्रीनमध्ये, बोट न सरकवता मावेल एवढा.

पण मोठा प्रश्न लांबीचा नाही, त्या पाच वाक्यांत काय लिहायचं याचा आहे. बहुतेक जण रेझ्युमेतलंच पुन्हा लिहितात: बी.कॉम. इतके टक्के, टॅली येतं, एमएस-सीआयटी झालंय, मेहनती आहे. यातलं पहिलं रेझ्युमेत आहे आणि शेवटचं सगळेच लिहितात. मी सांगते तसं करून बघा. तुमचा रेझ्युमे ओळख नसलेल्या माणसाच्या हातात द्या आणि विचारा, “हे वाचून तुझ्या मनात पहिली शंका काय आली?” त्या शंकेचं उत्तर मेलमध्ये लिहा. रेझ्युमे तुम्ही काय केलंय ते सांगतो. बघणाऱ्याच्या मनात जे अडतं ते सोडवायला त्यात जागा नसते.

तुमच्या रेझ्युमेवर माझ्या मनात तीन शंका येतील, आणि त्या अशा क्रमाने येतील.

पहिली, सीएच्या ऑफिसातला माणूस कंपनीत चालेल का? हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. सीएकडे काम करणाऱ्याला रिटर्नं उत्तम भरता येतात. महिन्याची ११ तारीख आली की जीएसटीआर-१, २० तारीख आली की ३बी, अशी त्याची घडी बसलेली असते. पण त्याच्यासमोर क्लायंटचा डेटा बहुतेक वेळा तयार होऊन येतो. कंपनीत तो डेटा रोज तयार करावा लागतो. खरेदीचं बिल स्टोअरच्या नोंदीशी जुळवायचं, सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नाही म्हणून २बीत क्रेडिट दिसत नाही, तर त्याच्या मागे लागायचं, कामगार कंत्राटदाराचा टीडीएस कापायचा. आमचे अकाउंट्स मॅनेजर सीएच्या ऑफिसातून आलेल्या प्रत्येकाबद्दल हाच प्रश्न विचारतात: “रोजच्या एन्ट्रीला बसलाय का कधी?”

दुसरी शंका, सांगलीहून पुण्याला खरंच येणार का? माझ्या हातून किमान चार ऑफर अशा गेल्या आहेत. मुलगा हो म्हणाला, पुण्यातल्या खोलीचं भाडं आणि मेसचा हिशेब मांडला आणि रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात फोन बंद. त्यामुळे बाहेरगावचा पत्ता दिसला की मी थोडी सावध होते.

तिसरी, कधी रुजू होणार? जाहिरातीत लवकर हवा असं लिहिलंय आणि तुमच्या रेझ्युमेत नोटीसचा उल्लेख नाही.

आता या तीन शंका डोक्यात ठेवून मेल लिहू. मी तो मराठीत लिहिते. तुम्ही साध्या इंग्रजीत पाठवा, फक्त वाक्यांचा क्रम हाच ठेवा. कामाचे तपशील मी नमुन्यादाखल घातले आहेत, तिथे तुमचे खरे येऊ देत.

“नमस्कार,

भोसरी येथील अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या जागेसाठी अर्ज करत आहे; जीएसटी, टीडीएस आणि टॅली प्राइममध्ये ३ वर्षांचा अनुभव आहे. सध्या सांगलीत सीए ऑफिसमध्ये ७ क्लायंटची रिटर्नं आणि जीएसटीआर-२बीची जुळवणी माझ्याकडे आहे. त्यांपैकी २ मशीनिंग वर्कशॉपमध्ये मी आठवड्यातून २ दिवस प्रत्यक्ष बसून खरेदी-विक्रीच्या रोजच्या एन्ट्री आणि बँक रिकन्सिलिएशन करतो. बहीण चिंचवडला राहते, त्यामुळे पुण्यात राहण्याची सोय आहे. नोटीस ३० दिवसांची आहे.

रेझ्युमे जोडला आहे. दुपारी १ ते २ आणि संध्याकाळी ६.३० नंतर फोनवर बोलू शकतो.

(नाव, मोबाइल नंबर)”

सत्तरेक शब्द: पाच वाक्यं आणि खाली रेझ्युमे-फोनची ओळ. आता एकेक वाक्य बघा.

पहिल्या वाक्यात जागा आणि अनुभव आहे, कारण इनबॉक्सच्या यादीत सब्जेक्टनंतर हेच वाक्य डोकावतं. इथे “रिस्पेक्टेड सर/मॅडम, विथ रेफरन्स टू युअर अॅडव्हर्टाइजमेंट” असं लिहिलंत तर त्या यादीत तेवढंच दिसतं आणि ती जागा वाया जाते. ‘नमस्कार’ किंवा जाहिरातीत नाव असेल तर नावाने एक शब्दाचं अभिवादन पुरे. नाव दिलेलं असताना ‘सर/मॅडम’ लिहिणं मला खटकतं. माझं नाव बाईचं आहे हे जाहिरातीवरून स्पष्ट दिसत असताना दिवसाला दहा जण मला ‘सर’ करतात.

दुसऱ्या वाक्यात आकडा आहे. ‘अनेक क्लायंट’ म्हणजे तीन की तीस, कळत नाही. ‘७ क्लायंट’ म्हटलं की कामाचा आवाका दिसतो. आकडा खराच लिहा. मुलाखतीत मॅनेजर पहिल्या पाच मिनिटांत विचारतात, “सातांपैकी मासिक किती आणि तिमाही किती?” तिथे अडखळलात तर मेलमधलं बाकीचंही संशयात जातं.

तिसरं वाक्य या मेलचा जीव आहे. पहिल्या, सगळ्यात मोठ्या शंकेचं उत्तर त्यात आहे. तुम्ही कधी वर्कशॉपमध्ये बसून काम केलं नसेल तर हे वाक्य लिहू नका, दुसरं खरं काहीतरी शोधा. क्लायंटच्या सप्लायरला फोन करून राहिलेली बिलं त्याच्या रिटर्नमध्ये घ्यायला लावली असतील, स्टॉक मोजायला गोडाऊनमध्ये गेला असाल, तर ते लिहा. आणि तसंही काहीच नसेल तर सरळ लिहा: “कंपनीत थेट काम केलेलं नाही, रोजच्या एन्ट्रीचं काम शिकायची तयारी आहे.” याने शंका मिटत नाही, पण तुम्हाला ती माहीत आहे एवढं तरी मला कळतं, आणि कमी अनुभवाच्या जागेसाठी मी तुम्हाला लक्षात ठेवते.

चौथ्या वाक्यात बहीण आली म्हणून हसू नका. घरची माहिती मेलमध्ये कशाला, असं वाटेल. बाकी कुठली नकोच. वडिलांचा व्यवसाय, जात, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही लिहू नका. पण ‘राहण्याची सोय आहे’ याला पाठबळ लागतं. नुसतं ‘पुण्याला यायला तयार आहे’ हे सगळेच लिहितात. बहीण नसेल तर “१० तारखेपासून पुण्यातच आहे” किंवा “मोशीत खोली बघून ठेवली आहे” असं काहीही चालेल, फक्त ते खरं हवं.

फोनची वेळ लिहिण्याचं कारण साधं आहे. तुम्ही ऑफिसात सीएंच्या समोर बसलेले असता आणि माझा फोन अकरा वाजता येतो. तुम्ही कट करता किंवा कुजबुजत “नंतर बोलतो” म्हणता. मी पुढच्या नावाला लावते, आणि ‘नंतर’ राहून जातं. वेळ माहीत असेल तर मी त्या वेळी लावते.

पगाराबद्दल काहीच लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. जाहिरातीत करंट आणि एक्स्पेक्टेड सीटीसी मागितला असेल तर एका ओळीत द्या. तो न देणाऱ्यांचे मेल कन्सल्टन्सीत बाजूला ठेवतात, मीही ठेवायचे, कारण क्लायंट कंपनीला पाठवायच्या तक्त्यात तो रकाना रिकामा सोडता येत नाही. मागितला नसेल तर स्वतःहून देऊ नका. सांगलीतल्या सीए ऑफिसचा पगार आणि भोसरीतल्या कंपनीचा पगार यांत फरक असतो, आणि तुमचा आकडा पहिल्याच मेलमध्ये आला की पुढचं सगळं बोलणं त्याच आकड्याभोवती फिरतं.

जोडलेल्या फाइलचं नावही चिठ्ठीच आहे. माझ्या डाउनलोड फोल्डरमध्ये Resume.pdf, Resume (1).pdf ते Resume (46).pdf अशी रांग असते. Name_Surname_Accounts.pdf असं, म्हणजे तुमचं नाव आणि काम, एवढं ठेवा. पीडीएफच पाठवा, वर्ड फाइल माझ्या फोनवर उघडली की तुमचे रकाने इकडचे तिकडे होतात. ड्राइव्हची लिंक मात्र पाठवू नका. शेअरिंग उघडं करायचं राहिलं असेल तर मला “Request access” असं पान दिसतं, आणि परवानगी मागून तुमची वाट बघत बसायला मला वेळ नसतो. दाखले, मार्कशीट, आधार, पॅन यांतलं काहीही पहिल्या मेलला जोडू नका; ती कागदपत्रं ऑफरच्या वेळची आहेत.

पाठवणाऱ्याचं नाव तपासा, हे मी सगळ्यांनाच सांगते. कॉलेजात उघडलेल्या मेलवर अजून ‘किंग’ किंवा ‘लकी’ असं काहीतरी असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण स्वतःचा मेल स्वतःला कोण पाठवतो? जीमेल कॉम्प्युटरवर उघडून Settings मध्ये See all settings, मग Accounts and Import, तिथे Send mail as च्या समोर edit info, असं गेलात की ते नाव बदलता येतं. बदललं की हा सगळा मेल आधी घरच्या कुणाच्या तरी मेलवर पाठवा आणि त्यांच्या फोनवर, मेल न उघडता, यादीतली ती एक ओळ बघा. नाव, जागा, अनुभव एवढं त्या ओळीत दिसलं तर मेल जमला. पीडीएफही तिथेच उघडून बघा.

एकाच मेलमध्ये दहा कंपन्यांचे पत्ते टाकू नका. To मध्ये इतरांचे पत्ते दिसले की ‘भोसरी येथील जागेसाठी’ हे वाक्य आपोआप खोटं पडतं. पंधरा-वीस मेल पाठवलेत म्हणता, त्याऐवजी पाचच पाठवा, पण प्रत्येकात सब्जेक्ट, पहिलं वाक्य आणि तिसरं वाक्य त्या जाहिरातीप्रमाणे बदला. कंपनी फाउंड्रीची असेल तर वर्कशॉपचा अनुभव पुढे घ्या. ट्रेडिंगची असेल तर तुमच्या क्लायंटपैकी एखादा व्यापारी शोधा आणि ई-वे बिलांचं काम लिहा. बाकी तीन वाक्यं तीच राहिली तरी हरकत नाही, एका मेलला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत.

उत्तर आलं नाही तर सहा-सात कामाचे दिवस जाऊ द्या आणि पहिल्याच मेलला रिप्लाय करून दोन ओळी लिहा: “अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, भोसरी या जागेसाठी मागच्या सोमवारी रेझ्युमे पाठवला होता. जागा अजून खुली असेल तर या आठवड्यात मुलाखतीला पुण्यात येऊ शकतो.” नवा मेल करू नका, रिप्लाय केला की खाली तुमचा पहिला मेल लगेच सापडतो. हे एकदाच करा. आणि अकाउंट्सची जागा असल्यामुळे तारीख बघा. १८ ते २० या दिवसांत आमचे मॅनेजर ३बीच्या गडबडीत असतात, मी कुणाचा रेझ्युमे घेऊन गेले तर मान वर करत नाहीत. तुमचा रिप्लाय २१ किंवा २२ तारखेला येऊ दे.